मदत हवी आहे: पेस्ट कंट्रोलच्या ३० सेकंदांच्या जाहिरातीत 'मुलं आणि प्राणी सुरक्षित' हे कसं सांगावं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये काकांचा पेस्ट कंट्रोलचा व्यवसाय आहे. कृषी विभागाचा परवाना आहे, तीन मुलं कामाला आहेत. स्थानिक रेडिओ आणि व्हॉट्सअॅपसाठी ३० सेकंदांची जाहिरात करायची आहे. फोन करणारे बहुतेक जण पहिला प्रश्न 'घरात लहान बाळ आहे, चालेल का?' हाच विचारतात, म्हणून सगळा भर त्यावरच ठेवायचा आहे. माझा कच्चा मसुदा असा:

'बाळ रांगतंय, मोती खेळतोय आणि पेस्ट कंट्रोलही सुरू! आता घर सोडायची गरज नाही. आमची हर्बल, बिनवासाची औषधं मुलांसाठी आणि पाळीव प्राण्यांसाठी १००% सुरक्षित. झुरळं, ढेकूण, मुंग्या, सगळ्यांचा एकाच दिवसात नायनाट!'

व्हॉट्सअॅपच्या व्हिडिओत बाळ रांगताना मागे आमचा माणूस फवारणी करतोय असं दृश्य आहे. काकांना 'काहीतरी खटकतंय' असं वाटतं, पण नेमकं काय ते त्यांना सांगता येत नाही. कृपया सुचवा.

चौकटराजा

मसुदा छान आहे, फक्त '१००%' काढा. त्याऐवजी शेवटी बारीक अक्षरात 'सूचनेनुसार वापरल्यास सुरक्षित' असं टाका म्हणजे कायद्याचं काम झालं. आणि औषधाच्या डब्यावर हिरवा त्रिकोण असेल तर तो व्हिडिओत मोठा करून दाखवा. हिरवा म्हणजे सगळ्यात कमी विषारी. लोकांना रंग लगेच कळतो.

जेल_की_फवारा

चौकटराजा, त्रिकोणाबद्दलचं तुमचं निम्मं बरोबर आहे. लाल, पिवळा, निळा, हिरवा अशी उतरती क्रमवारी आहे आणि हिरवा सगळ्यात खालचा. पण तो विषारीपणाच्याच मापातला खालचा टप्पा आहे, सुरक्षिततेचं प्रमाणपत्र नव्हे. तो बिल्ल्यासारखा दाखवला तर बघणारा नेमका उलटा अर्थ घेईल.

'सूचनेनुसार वापरल्यास' ही पळवाटही चालत नाही. कीटकनाशक नियम १९७१ मधला १९वा नियम सांगतो की लेबलवर 'सुरक्षित', 'बिनविषारी', 'निरुपद्रवी' असे दावे करायचे नाहीत, त्यांना 'सूचनेप्रमाणे वापरल्यास' अशी शेपटी जोडली तरीही नाही. तो नियम डब्यावरच्या लेबलचा आहे, सेवेच्या जाहिरातीचा नाही, हे खरं. पण जो शब्द कंपनीला स्वतःच्या डब्यावर लिहिता येत नाही, तो तेच औषध वापरणाऱ्याने जाहिरातीत कशाच्या आधारावर म्हणायचा? जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू होतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत २०२२ मध्ये आलेली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की मोठ्या अक्षरातल्या दाव्याला खोडणारी तळटीप चालणार नाही. तळटीप दाव्याच्याच भाषेत आणि वाचता येईल अशी हवी. दंड पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत जाऊ शकतो.

कायदा बाजूला ठेवला तरी मसुद्यात तीन गोष्टी कामाच्या दृष्टीने चुकल्या आहेत.

'हर्बल' म्हणजे निर्धोक नव्हे. पायरेथ्रम शेवंतीच्या जातीच्या फुलांपासूनच काढतात. त्याच घराण्यातली पर्मेथ्रिनसारखी कृत्रिम औषधं मांजरांना फार बाधतात, कारण ती पचवून बाहेर टाकण्याची यकृताची क्षमता मांजरात कमी असते. 'बिनवासाचं' म्हणजेही फक्त वास नाही. उलट वास नसल्यामुळे फरशी अजून ओली आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

दृश्य तर सगळ्यात घातक आहे. फवारणी चालू असताना बाळ फरशीवर असणं हेच टाळायचं असतं. रांगणाऱ्या बाळाचे हात फरशीवर आणि तेच हात तोंडात. जाहिरात बघून कुणी खरंच बाळाला खोलीत ठेवलं तर तुमच्या माणसाने ते थांबवायचं कसं?

आणि 'पाळीव प्राणी' हा एकच शब्द फसवा आहे. मांजराचं वर लिहिलं. माशांना डेल्टामेथ्रिनसारखी फवारणीची औषधं अगदी थोड्या प्रमाणातही मारक असतात. झुरळांच्या जेलमध्ये बऱ्याचदा फिप्रोनिल असतं, ते सशांना बाधतं. कुत्रा त्या मानाने सोसतो, पण उंदरांसाठी ठेवलेली वडी त्याने खाल्ली तर त्याला अंतर्गत रक्तस्राव होऊ शकतो. एका वाक्यात या सगळ्यांना 'सुरक्षित' म्हणता येत नाही.

मत्स्यटाकी

विषय थोडा वेगळा, पण आत्ताच विचारून घेते. हॉलमध्ये चार फुटी टाकी आहे आणि रविवारी फवारणी ठरली आहे. पेस्ट कंट्रोलवाले म्हणतात 'वरून पेपर टाका, पुरे'. पुरेल का?

जेल_की_फवारा

नाही पुरणार, ताई. टाकीचा हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, म्हणजे वर पेपर असला तरी औषध आत जातंच. पंप बंद ठेवून टाकी प्लास्टिकने घट्ट झाकता येते, पण टाकीत गर्दी असेल तर काही तासांत मासे गुदमरू लागतात. म्हणून त्यांना सांगा की टाकीच्या खोलीत फवारणी करायचीच नाही. तिथे फक्त जेल, आणि आतल्या खोल्यांत फवारणी होईल तेव्हा मधलं दार बंद. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल लावा.

गोदाकाठ, हा प्रश्न तुमच्या जाहिरातीसाठीही कामाचा आहे. लोकांना 'सुरक्षित' हा शब्द नको असतो, 'माझ्या टाकीचं काय करणार' याचं उत्तर हवं असतं.

गोदाकाठ

पटलं. दृश्य काढतो. पण मग धीर द्यायचा कशाने? 'धोका आहे, सांभाळा' असं म्हटलं तर फोनच येणार नाहीत.

शब्दपट्टी

रेडिओच्या जाहिराती लिहिते, त्या बाजूने सांगते. मराठीत ३० सेकंदांत आरामात ६० ते ६५ शब्द बसतात. फोन नंबर आणि नाव धरलं तर त्याहून कमी. म्हणून 'झुरळं, ढेकूण, मुंग्या' ही यादी सोडा आणि एकच प्रसंग धरा. घरात बाळ आहे, स्वयंपाकघरात झुरळं आहेत. तुमचा माणूस दारात येतो आणि पहिल्या दहा सेकंदांत योग्य प्रश्न विचारतो. ऐकणाऱ्याला तिथेच कळतं की याला आपलं काम येतं.

जेल_की_फवारा, अशा घरात प्रत्यक्ष काय करतात ते ओळीने सांगाल का? मी त्यातून संवाद काढते.

जेल_की_फवारा

दोन खोल्यांचं घर, वर्षाचं बाळ, एक मांजर, ओट्याखाली लहान तपकिरी झुरळं असं धरू. आधी विजेरीने झुरळांची जात बघायची. मानेवर दोन काळ्या रेघा असलेली लहान झुरळं घरातच वाढतात, त्यांना जेल पुरतं. मोठी लालसर झुरळं मोरीतून आणि ड्रेनेजच्या चेंबरमधून येतात. त्यांच्यासाठी चेंबरमध्ये फवारणी करावी लागते, नुसत्या जेलने ती आटोक्यात येत नाहीत. म्हणून 'आम्ही कधीच फवारत नाही' असंही जाहिरातीत म्हणू नका.

०.०५% फिप्रोनिलचं जेल घेतलं तर ३० ग्रॅमच्या पूर्ण सिरिंजमध्ये मूळ औषध १५ मिलिग्रॅमच असतं. मसुराच्या दाण्याएवढे ठिपके ट्रॉलीच्या बिजागऱ्यांत, सिंकखालच्या कोपऱ्यात, फ्रिजमागे मोटारजवळ आणि ओट्याच्या सांध्यात लावायचे. ट्रॉलीची समोरची कड, खालची उघडी भिंत, बाळाचा हात किंवा मांजराची जीभ पोहोचेल अशी कुठलीही जागा सोडायची. लावताना आणि नंतर थोडा वेळ मांजर बेडरूममध्ये बंद.

काम फसतं ते नंतर. घरचे दुसऱ्या दिवशी फिनाईलने ट्रॉली पुसतात किंवा एखादं झुरळ दिसलं की बाजारातला स्प्रे मारतात. स्प्रेच्या वासाने झुरळं जेलपासून लांब राहतात आणि ते खातच नाहीत. आठवड्यानंतरही ठिपके जसेच्या तसे दिसले तर समजा की जागा चुकली किंवा कुणीतरी स्प्रे मारला. 'एका दिवसात नायनाट' तर होतच नाही. जेल खाल्लेली झुरळं काही दिवस मरत राहतात, आणि अंड्यांच्या कोशात तीस-चाळीस पिल्लं असतात, ती पुढच्या काही आठवड्यांत बाहेर येतात. त्यांच्यासाठी दुसरी फेरी लागते.

आणि ग्राहकाला एक छापील कागद द्या. त्यावर औषधाचं नाव, त्याचं प्रमाण, जेल कुठे कुठे लावलं ते, परवाना क्रमांक आणि एम्सच्या विष माहिती केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७. बाळाने ठिपका चाटलाच तर तोंड पुसायचं, मुद्दाम उलटी करवायची नाही, कागद हातात घेऊन फोन करायचा किंवा डॉक्टरकडे जायचं. औषधाचं नाव माहीत असलं की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

शब्दपट्टी

घ्या मसुदा. नाव आणि नंबर सोडून मोजा.

(दारावरची बेल)
तंत्रज्ञ: ताई, घरात लहान मूल? मांजर, मासे?
आई: बाळ आहे, आणि ही मनी.
तंत्रज्ञ: मग मनीला बेडरूममध्ये ठेवा. झुरळं लहान आहेत, फवारणी नको, जेल लावतो. बिजागरीत, सिंकखाली. बाळाचा हात पोहोचणार नाही तिथेच.
आई: औषध कोणतं?
तंत्रज्ञ: हा कागद घ्या. नाव, प्रमाण, परवाना, सगळं लिहिलंय. जेल पुसू नका, दुसऱ्या फेरीला मी येतोच.
निवेदक: आधी तुमच्या घरात कोण कोण आहे ते विचारतो, मगच काम सुरू करतो.

साठच्या आसपास शब्द आहेत. 'सुरक्षित' एकदाही नाही. व्हिडिओत बाळ दाखवायचं तर आईच्या कडेवर, दुसऱ्या खोलीत. जेल लावतानाच्या चौकटीत नको.

चौकटराजा

हे चांगलं झालंय, तळटीपेचं माझं चुकलं. पण फवारणी लागेल त्या घरांसाठी 'चार तासांनी घरात या' अशी एक ओळ हवी. लोकांना आकडा लागतो.

जेल_की_फवारा

आकड्याला माझा विरोध आहे. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतील तर फरशी दोन तासांत वाळते. जुलैत नाशिकच्या पावसात बंद घरात तीच चार तासांनीही ओलसर असते, आणि चार तास ऐकलेली आई बाळाला खाली सोडते. 'फरशी पूर्ण वाळली, खिडक्या उघडून हवा खेळली की' असं सांगा आणि वेळ लेबल बघून कागदावर लिहा.

शब्दपट्टी

ऐकणाऱ्याच्या बाजूने मला आकडा हवासा वाटतो. 'पूर्ण वाळली की' हे प्रत्येकजण आपापल्या सोयीने ठरवेल. 'किमान चार तास, आणि फरशी ओली असेल तर त्याहून जास्त' असं म्हणता येईल, पण त्यात शब्द वाढतात.

गोदाकाठ

जेलचा मसुदा काकांना वाचून दाखवला, त्यांनी लगेच होकार दिला. फक्त कागदावर औषधाचं प्रमाण लिहायचं का यावर ते अडलेत. म्हणतात, शेजारचा व्यावसायिक तेच वाचून कमी भाव सांगेल. उद्या छापखान्यात द्यायचंय. प्रमाण ठेवावं की नुसतं औषधाचं नाव पुरेल?

जेल_की_फवारा

ठेवा. जेलचं प्रमाण सिरिंजच्या लेबलवर छापलेलंच असतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आणि त्या कागदाचा खरा वाचक डॉक्टर आहे.