प्रति: कापडाचा रोलवार स्टॉक, शेड कुठं ठेवायची
"नेव्हीच्या प्रत्येक शेडला वेगळा आयटम कोड करायचा का? आत्ताच 14 झालेत."

नको ओ दादा, कोड एकच ठेवा, शेड रोलवर टाका. आमचं निपाणीजवळ जॉबवर्कचं प्रोसेस हाऊस आहे, आम्हीपण आधी नुसते मीटर बघायचो. एका पार्टीला 900 मीटर पाहिजे होतं, स्टॉकला 1040 दिसत होतं म्हणून सिस्टीममधनं रोल बुक केले, पण त्यात 620 मीटर शेड ए अन् 420 बी, दोन वेगळे डाय लॉट. कटिंगला थर एकत्र लागले, बाही एका शेडची अन् पाठ दुसऱ्या शेडची, सगळा माल परत.

आता फोल्डिंगला प्रत्येक रोलचा तुकडा डी65 लाईटखाली मास्टरशी जुळवतो, मगच शेड ग्रुप भरतो, तोवर रोल होल्डवर, अन् बुकिंग एका ग्रुपच्या बेरजेवरच होतं.

पन्हा ऑर्डरमधला 58 इंच तसाच लिहू नका, काठ सोडून तीन जागी मोजा अन् सगळ्यात कमी येईल तो भरा, मार्कर त्यावरच बसतो. रोल फाडला की नव्या नंबरला मूळ रोलचा नंबर अन् शेड आपोआप जाऊदे, ग्रेड मात्र नको, डाग एकाच तुकड्यात राहिलेले असतात, ती परत तपासूनच द्या.