मदत हवी आहे: नेटवर्थ १२ लाखांनी वाढलं, पण एवढी बचत तर झालेली नाही

सांजवात

नमस्कार मंडळी. आम्ही दोघंही नोकरी करतो. घराकडे काय आहे आणि घर कोणाचं किती देणं लागतं, याचा तक्ता गेल्या वर्षअखेरीला पहिल्यांदा मांडला आणि यंदा ३१ डिसेंबरला पुन्हा. आकडे लाखांत आहेत, आधी गेल्या वर्षीचा, मग यंदाचा:

राहतं घर: ६२ → ६८
बचत खातं: २.१ → १.६
मुदत ठेव: ६ → ६.४
म्युच्युअल फंड: ७.४ → ९.६
दोघांचे निवृत्ती फंड: ९ → १०.७
गाडी: ५.५ → ५.५
एकूण मालमत्ता: ९२ → १०१.८

गृहकर्ज: ३८.४ → ३६.९
गाडीचं कर्ज: ३.२ → २.१
क्रेडिट कार्ड: ०.४ → ०.८
एकूण कर्ज: ४२ → ३९.८

म्हणजे नेटवर्थ ५० वरून ६२. आकडा बघून बरं वाटलं, पण पटत नाहीये. वर्षभर काटकसर करूनही चारेक लाखांच्या वर काही बाजूला पडलं नसेल. मग हे १२ आले कुठून?

दुसरं, गृहकर्जाचे हप्ते वर्षभरात जवळपास ४.७ लाख गेले आणि कर्ज उतरलं फक्त दीड लाखाने. तक्त्यात नक्की कोणता आकडा लिहायचा? आणि दरवर्षी हे ठेवायचं तर कसं, म्हणजे पुढच्या वर्षी असाच गोंधळ होणार नाही?

भटक्या_जीव

नेटवर्थचं प्रमाणपत्र परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांच्या पालकांकडे मागतात. सीएच्या सही-शिक्क्याशिवाय चालत नाही. घरी केलेला कागद कोणी हातात घेणार नाही, उगाच मेहनत घेऊ नका.

सांजवात

@भटक्या_जीव, प्रमाणपत्र नकोय हो. कोणाला दाखवायचं नाही, आमचं आम्हाला कळायला हवंय.

रोखठोक

तुमचं कर्ज ३६.९ नाहीच. अजून किती वर्षं हप्ते आहेत? १३ धरली तर १३ गुणिले ४.७, म्हणजे ६१ लाख खिशातून जाणार आहेत. तेच लिहा. बँक ‘बाकी मुद्दल’ म्हणून छोटा आकडा दाखवते आणि माणूस खूश होतो.

आणि राहतं घर धरूच नका. विकणार आहात का? नाही ना? मग ती मालमत्ता कसली?

जमाखर्च

रोखठोक यांचा हप्त्यांचा हिशोब बरोबर आहे. तेवढे पैसे जाणार हे खरंच. पण ते या तक्त्यात बसत नाहीत. हा तक्ता एका दिवसाचा असतो. ३१ डिसेंबरला बँकेत जाऊन ‘कर्ज आजच मिटवतो’ म्हणालात, तर बँक ३६.९ मागेल, वर त्या दिवसापर्यंत चढलेलं थोडं व्याज आणि करारात असेल तर मुदतपूर्व फेडीचं शुल्क. पुढच्या १३ वर्षांचं व्याज अजून लागलेलंच नाही. ते देणं धरायचं असेल तर पुढच्या १३ वर्षांचा पगारही मालमत्तेत धरा. तो कोणी धरत नाही.

त्यामुळे कर्जाच्या विवरणपत्रातली त्या तारखेची मुद्दलबाकी लिहायची. ४.७ भरून दीडच उतरलं, कारण उरलेलं ३.२ व्याज होतं. कर्ज ३८ च्या आसपास आणि व्याजदर साडेआठ टक्क्यांच्या जवळ असेल तर एवढंच येतं. विवरणपत्रात वर्षाचं व्याज वेगळं दिलेलं असतं, ताडून बघा. तिथे फरक मोठा निघाला तर मात्र बँकेला विचारायला हवं.

आता १२ लाखांचं. वाढीचे तीन ढीग करा. पहिला तुमच्या हातचा: फंडात नवे किती घातले, निवृत्ती फंडात तुमची आणि कंपनीची मिळून भर किती पडली, दोन्ही कर्जांचं मुद्दल किती फिटलं. खात्यातली शिल्लक घटली किंवा कार्डाची बाकी वाढली असेल तर तेवढं यातून वजा. दुसरा ढीग व्याज आणि बाजाराचा. तिसऱ्यात फक्त घराची किंमत. फंड आणि निवृत्ती फंडातली नवी भर किती ते सांगाल का? आणि ६८ हा आकडा आणला कुठून?

सांजवात

फंडात १.२ घातले. निवृत्ती फंडात दोघांची, कंपन्यांसकट, साधारण १ लाखाची भर. घराचं म्हणाल तर शेजारच्या इमारतीत एवढंच घर विकायला आहे, त्या जाहिरातीत ६८ होते.

आणि रोखठोक यांचं ऐकून घराची ओळ काढून पाहिली, तर नेटवर्थ उणे ६ आलं! हे बघून घरात शांतता पसरली आहे.

जमाखर्च

घर काढलंत आणि गृहकर्ज ठेवलंत, म्हणून उणे. दोन्ही ओळी एकत्र राहतील किंवा एकत्र जातील. घराशिवाय बघायचं तर कर्जही बाहेर: ३३.८ वजा २.९, म्हणजे ३०.९. गेल्या वर्षी याच रीतीने २६.४ होते.

आता तीन ढीग. हातचा: फंड १.२, निवृत्ती फंड १, गृहकर्जाचं मुद्दल १.५, गाडीच्या कर्जाचं १.१. बेरीज ४.८. खातं ०.५ ने घटलं आणि कार्ड ०.४ ने वाढलं, ते वजा करून ३.९. तुमचा ‘चारेक लाखां’चा अंदाज अगदी बरोबर होता.

व्याज आणि बाजार: ठेवीचं ०.४, फंडाची वाढ १, निवृत्ती फंडाचं व्याज ०.७, मिळून २.१. राहिले ६, ते सगळे घराचे. म्हणजे तुमच्या १२ पैकी निम्मे एका जाहिरातीतून आले आहेत. जाहिरातीत असते ती मागणी. सौदा कितीला होतो ते कागद झाल्यावर कळतं.

गाडीही बघा. एक वर्ष जुनी झालेली गाडी त्याच किमतीला राहत नाही. तशाच, तेवढ्याच चाललेल्या गाड्या आज कितीला जातात ते पाहून आकडा खाली आणा.

मुक्ता

@सांजवात, खात्यातली शिल्लक का घटली ते पाहिलंत का? आमच्याकडे एकदा असंच दिसलं होतं. कारण एवढंच, की आदल्या वर्षी पगार ३१ तारखेला जमा झाला होता आणि त्या वर्षी नव्या महिन्यात. खर्च तोच, सवयी त्याच, पण तक्त्यात एक पगार गायब.

सांजवात

@मुक्ता, हो! माझा यंदा २ तारखेला आला, गेल्या वर्षी ३१ ला होता. तो धरला तर खातं उलट थोडं वाढलेलं आहे. मग तो डिसेंबरमध्ये ओढून घेऊ का?

@जमाखर्च, गाडी पाहिली, ४.७ वाजवी वाटतंय.

जमाखर्च

ओढू नका. त्या दिवशी खात्यात होतं तेच लिहा आणि बाजूला टीप ठेवा. एकदा ओढायला लागलात की कार्डाचं पुढचं बिलही ओढावं लागेल. नाहीतर तक्त्यासाठी महिन्यातला मधला दिवस निवडा, पगार लवकर-उशिरा झाला तरी फरक पडणार नाही. मी स्वतः १५ तारीख धरतो.

कार्डाच्या ०.८ मध्ये फक्त बिलात आलेली रक्कम आहे की सगळी? बिल निघाल्यानंतरची खरेदी आणि हप्त्यांवर घेतलेल्या वस्तूंचे न आलेले हप्ते बिलात दिसत नाहीत, पण ते देणं असतं. ॲपमध्ये एकूण बाकी वेगळी दिसते, ती घ्या.

गाडी ४.७ धरली तर नेटवर्थ ६१.२. घर ६२ वरच ठेवलं तर ५५.२, म्हणजे वाढ ५.२. मला हीच खरी वाटते.

रोखठोक

म्हणजे शेवटी घराची वाढ काढलीतच की! मी काय वेगळं सांगत होतो?

जमाखर्च

तुम्ही घरच काढत होता. मी फक्त खात्री नसलेली वाढ बाजूला ठेवतोय. 😀

मुक्ता

इथे मी जमाखर्च यांच्याशी पूर्ण सहमत नाही. घर वर्षानुवर्षं जुन्याच आकड्यावर अडकवून ठेवलं आणि कर्ज मात्र दरवर्षी आजचं लिहिलं, तर दहा वर्षांनी तक्ता काहीच खरं सांगणार नाही. पुढे मोठं घर घ्यायचं किंवा भावंडांत वाटणी करायची वेळ आली, की आजचीच किंमत लागते. आम्ही दर तीन वर्षांनी परिसरात खरोखर झालेल्या तीन-चार व्यवहारांवरून किंमत बदलतो, त्यातलाही खालचा आकडा घेतो. मधली दोन वर्षं हात लावत नाही.

जमाखर्च

ते चालेल. माझा आग्रह एवढाच, की नियम आधी ठरवावा. आकडा बघून नियम बदलला की तुलना संपली.

@सांजवात, दरवर्षी नवी फाइल करू नका. त्याच फाइलमध्ये प्रत्येक वर्षाला एक रकाना वाढवा आणि ओळी त्याच ठेवा. ठेव मोडली तरी ओळ काढायची नाही, शून्य लिहायचं. कडेला आणखी एक रकाना, आकडा कुठून आला याचा: बँकेचं विवरणपत्र, फंडाचं विवरण, आपला अंदाज. वर्षाने बघताना तोच सगळ्यात उपयोगी पडतो. खाली तीन ढिगांच्या तीन ओळी. पहिली ओळ तुमच्या हातात आहे, दर वर्षी आधी तीच बघा.

निळाई

माझाही प्रश्न इथेच विचारते. भावाच्या व्यवसायाच्या कर्जाला मी जामीन आहे, १० लाखांसाठी. ते माझ्या कर्जात लिहायचं का? हप्ते तो भरतोय, पण मधे दोनदा चुकले होते.

मुक्ता

भाऊ भरतोय तोवर बेरजेत नको. पण तक्त्याच्या खाली ठळक लिहून ठेवा, जामीन १० लाख, आज बाकी इतकी. ती बाकी दरवर्षी भावाकडून नाही, बँकेकडून मागून घ्या.

रोखठोक

दोनदा चुकले ना? मग पूर्ण धरा. बँक भावानंतर तुमच्याच दारात येणार.

जमाखर्च

पूर्ण धरण्याइतकी वेळ आलेली नाही, असं मला वाटतं. पण दोनदा चुकले म्हणजे नुसती टीपही पुरेशी नाही. सध्या सगळे हप्ते वेळेवर आहेत की अजून काही थकलेले आहेत?

निळाई

तेच मला माहीत नाही. त्याला विचारलं की ‘सगळं ठीक आहे’ म्हणतो.

सांजवात

@निळाई, मग मुक्ता म्हणतायत तसं बँकेकडूनच कागद घ्या.

मी आता गृहकर्जाचं विवरणपत्र मागवलं आहे. वर्षाचं व्याज ३.२ च्या आसपास निघालं की इथे कळवते. घराच्या किमतीवर मात्र आमच्यात अजून दोन मतं आहेत. नवऱ्याला मुक्ता यांचा तीन वर्षांचा नियम पटलाय, मला ६२ वरच ठेवायचं आहे. तूर्त दोन्ही ओळी ठेवल्या आहेत.