मदत हवी आहे: कंटेनर व्हर्च्युअल मशीनइतकाच भक्कम असतो, हे लेखी द्यावे का?

मल्हारी_इंदूर: आमच्या क्लासमध्ये विद्यार्थ्यांचे सी-प्रोग्रॅम एकाच लिनक्स सर्व्हरवर डॉकर कंटेनरमध्ये चालवून तपासले जातात, आणि फीचा हिशेब व गुणपत्रकेही त्याच सर्व्हरवर आहेत. सर्व्हर लावून देणाऱ्याच्या मते ही व्यवस्था व्हीएमइतकीच सुरक्षित आहे, आणि पालकांना तसे माझ्या सहीने लेखी द्यावे, असे संचालक म्हणतात. खात्री करावी म्हणून मी कंटेनरमध्ये `sleep 1000` सुरू केले आणि बाहेर सर्व्हरवर `ps -ef` दिले, तर ती प्रक्रिया तिथे सरळ दिसली, तीही `root` च्या नावावर. हे असेच असते का?

तोफखाना: मेमरी आणि सीपीयूवर मर्यादा घातली असेल तर काळजी नसावी.

शिप्रातीर: मर्यादेमुळे एखादा प्रोग्रॅम सर्व्हर अडवून ठेवू शकत नाही, एवढेच, आत-बाहेरचा प्रश्न त्याने सुटत नाही. मल्हारी, तुम्हाला दिसले ते बरोबर आहे. कंटेनर म्हणजे सर्व्हरच्याच कर्नलवर चालणारी, पण आजूबाजूचे फारसे दिसू न दिलेली साधी प्रक्रिया. व्हीएमचा कर्नल मात्र स्वतःचा असतो. आता कंटेनरमध्ये हे पाहा:

```
cat /proc/self/uid_map
```

सयाजीनगर: विषय वेगळा आहे, पण बडोद्यात माझ्या विंडोज लॅपटॉपवर कंटेनरमध्ये `uname -r` दिले की लिनक्सचा कर्नल दिसतो. म्हणजे कंटेनरलाही स्वतःचा कर्नल असतोच की!

शिप्रातीर: विषय तोच आहे. विंडोजवर डॉकर डेस्कटॉप आधी एक लिनक्स व्हीएम उभी करते आणि तुमचे कंटेनर तिच्यात चालतात, त्यामुळे दिसतो तो कर्नल त्या व्हीएमचा. दोन कंटेनर उघडून पाहा, दोघांत तोच आकडा येईल.

मल्हारी_इंदूर: माझ्याकडे `0 0 4294967295` आले.

शिप्रातीर: याचा अर्थ आतला root हाच बाहेरचा root आहे. २०१९ मध्ये, डॉकर ज्याच्यामार्फत कंटेनर सुरू करते त्या `runc` मधील CVE-2019-5736 ही त्रुटी उघड झाली, तेव्हा नेमके हेच भोवले: कंटेनरमधला root सर्व्हरवरची `runc` ची फाइलच बदलू शकत होता, आणि पुढच्या वेळी कोणी `docker exec` दिले की हल्लेखोराचा कोड सर्व्हरवर root म्हणून चालत असे. आतला root बाहेर साध्या वापरकर्त्याशी जोडलेला असता, तर ती फाइल त्याला लिहिता आली नसती. तेवढा बदल आजच करा. मात्र खुद्द कर्नलमध्ये दोष निघाला तर त्याचाही भरवसा नाही, कारण कर्नल सगळ्यांचा एकच.

तोफखाना: व्हीएमही फुटतातच. २०१५ चा व्हेनम हा दोष आठवा, व्हीएम चालवणाऱ्या क्यूएमयूच्या फ्लॉपीच्या कोडमधला!

शिप्रातीर: मान्य, पण तिथे हल्ल्याला दिसतो तो भाग बराच लहान असतो. सही करू नये.

मल्हारी_इंदूर: सही थांबवली आहे. गुणपत्रके दुसऱ्या यंत्रावर हलवावीत, की तपासणीच व्हीएममध्ये न्यावी? सर्व्हरला मेमरी ८ जीबीच आहे.