मदत हवी आहे: बंबावरचे रिव्हेट बेकमध्ये तिरके येतायत

तांबट आळीत असतो तसा तांब्याचा बंब गेमसाठी बनवतोय. स्कल्प्ट ब्लेंडरमध्ये, बेक मार्मोसेटमध्ये. लो-पॉली 16 बाजूंचा सिलिंडर, 1160 ट्रायँगल झालेत आणि लिमिट आहे 1200.

ठोक्यांचे खळगे मस्त आलेत पण वरच्या काठाजवळचे रिव्हेट सगळे कलले आहेत, बंबाच्या मध्यावरचे मात्र सरळ, आणि काठाची गोल रेघ नागमोडी दिसते. केज कमीजास्त करून झाला, काही फरक नाही (रेच्या दिशा त्याच राहतात म्हणा). काठाला हार्ड एज देऊन UV तोडले तर रिव्हेट सरळ झाले पण काठावर भेग दिसायला लागली. पेंट स्क्यूने रिव्हेटपुरतं जमतं, पण ब्रश काठापर्यंत गेला की तीच भेग परत. 32 बाजू केल्यावर लाटा बऱ्याच कमी झाल्या, पण ट्रायँगल जवळपास दुप्पट.

मेश बेकच्या आधीच ट्रायँग्युलेट केलाय, टँजंट दोन्हीकडे MikkTSpace, म्हणजे ते नसावं. आणि हो, मॅप 16 बिटच आहे.

आता काठाखाली एक लूप घातला तर 32 ट्रायँगल वाढतात, म्हणजे एकच बसतो, तळाला उरत नाही. तर लूप फक्त बेकच्या मेशला द्यायचे, ऑब्जेक्ट स्पेसमध्ये बेक करायचं आणि मग खऱ्या लो-पॉलीवर टँजंटमध्ये कन्व्हर्ट करायचं, हे कुणी केलंय का? UV तेच ठेवले तर चालतं ना? आणि काठाच्या लाटा बाजू न वाढवता जातात, की सिल्हूटच 16 कोनी आहे म्हणून त्या राहणारच?