मदत हवी आहे: टीडीएसच्या वादावर फोनवर बोलण्याची विनंती कशी करावी?

नमस्कार. मी आर्किटेक्ट म्हणून दिलेल्या बिलात 60,000 रुपये शुल्क आणि 10,800 रुपये जीएसटी स्वतंत्र दाखवलेला असूनही ग्राहक कंपनीने 10 टक्के टीडीएस संपूर्ण 70,800 रुपयांवर कापला, त्यामुळे 6,000 ऐवजी 7,080 रुपये वजा झाले. जीएसटी असा वेगळा दाखवल्यास त्यावर टीडीएस कापायचा नसतो, हे मी सीबीडीटीचे 2017 चे परिपत्रक क्रमांक 23 जोडून ईमेलने कळवले. उत्तरात मात्र दर वेळी तेच लेजर येते (परिपत्रक बहुधा कोणी उघडलेलेच नाही). आता बिल आणि लेजर समोर ठेवून दहा मिनिटे फोनवर बोलावे, असे त्यांच्या लेखाधिकाऱ्यांना सुचवायचे आहे. तक्रारीचा सूर न लागता ही विनंती कशी लिहावी, आणि फोनवर ठरलेले नंतर ईमेलने लेखी कळवावे का, याबाबत कृपया मार्गदर्शन करावे.