पेपर एक, नावं पाच: क्रम ठरवायचा कसा?

शेवटचं_वर्ष:
आमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवरून पेपर पाठवायचा आहे. विषय आहे पानाच्या फोटोवरून झाडाचा रोग ओळखणं. आम्ही चौघं आणि सर. मूळ कल्पना माझी, मसुदाही मीच लिहिलाय. एकाने सगळा कोड लिहून मॉडेल ट्रेन केलं. एका मैत्रिणीने फोटो जमवले आणि लेबलं लावली. ती आता नोकरीला लागली आहे, मसुदा तिने पाहिलेला नाही. चौथ्याने प्रेझेंटेशन केलं, कॅमेरा मिळवून दिला. कोडवाला म्हणतो फोटोवालीला आभारात टाकू. सर म्हणतात पहिलं नाव त्यांचं. न्याय्य क्रम कुठला?

बोरूबहाद्दर:
ज्याने लिहिलं तो पहिला. कोड चालला म्हणून पेपर होत नाही. निकालाचा अर्थ काय, कुठल्या मर्यादेत तो खरा, हे लिहिताना ठरतं. तेव्हा तू पहिली, कोडवाला दुसरा, सर शेवटी. फोटोवालीबद्दल कोडवाल्याचं बरोबर आहे. लेखकत्वासाठी आयसीएमजेईच्या चार अटी आहेत: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा चिकित्सक दुरुस्तीत वाटा, अंतिम मसुद्याला मान्यता आणि कामाची जबाबदारी. चारही हव्यात. तिने ना लिहिलं ना मान्यता दिली. विषय संपला.

प्रयोगवही:
बोरूबहाद्दर, अटी बरोबर सांगितल्यात, वापर उलटा केलात. त्याच नियमांत पुढे स्पष्ट म्हटलंय की पहिली अट पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला मसुदा वाचण्याची, सुधारण्याची आणि मान्यता देण्याची संधी मिळाली पाहिजे. संधी न देता 'तू लिहिलं नाहीस' म्हणून नाव गाळणं त्यात बसत नाही. मसुदा तिला पाठवलाच नाही, मग मान्यता देणार कशाला? शिवाय आयसीएमजेई ही वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची समिती. हा पेपर बहुधा इंजिनिअरिंगच्या परिषदेला जाईल. तिथे आयईईईचे नियम बघा. तेही याच वळणाचे आहेत: भरीव बौद्धिक वाटा, मसुद्यात किंवा दुरुस्तीत सहभाग, अंतिम आवृत्तीला मान्यता.

त्यामुळे प्रश्न उरतो पहिल्या अटीचा. 'फोटो जमवले' एवढ्यावर मी हो किंवा नाही म्हणणार नाही. शेवटचं_वर्ष, दोन गोष्टी सांग. एका पानावर दोन रोग दिसले तर लेबल कुठलं, हे कोणी ठरवलं? आणि ट्रेनिंगचे फोटो आणि टेस्टचे फोटो वेगळे कसे केले?

गणिती किडा:
एवढं डोकं कशाला लावायचं? आमच्या शुद्ध गणितात आडनावाच्या वर्णक्रमाने नावं लावतात, भांडण संपलं. नाहीतर खेळून ठरवा. हॅसेल आणि मे यांच्या १९७४ च्या परिसंस्थाशास्त्रातल्या पेपरात तशी टीपच आहे: नावांचा क्रम २५ डावांच्या क्रोके सामन्यावरून ठरला.

तळटीप:
गणितात वर्णक्रम चालतो, कारण तिथे वाचणाऱ्याला माहीत असतं की पहिलं नाव म्हणजे जास्त काम नव्हे. या विषयात ते कोणी धरत नाही. नोकरीच्या अर्जावर पहिलं नाव बघणारा माणूस टीप वाचत बसणार नाही. 'दोघांचा समान वाटा' अशी तारांकित टीपही तितकीच तोकडी. एपीए या संदर्भशैलीच्या सातव्या आवृत्तीत तीन किंवा जास्त लेखक असतील तर मजकुरात पहिलं आडनाव आणि 'व इतर' एवढंच उरतं. तारा कोणाच्याच संदर्भयादीत जात नाही.

आणि क्रोकेवाले दोघं बरोबरीचे असणार, म्हणून खेळले. इथे बरोबरी आहे की नाही, हाच तर वाद आहे.

आळशी_कोडर:
आमच्या ग्रुपमध्ये तिघांनी काहीच केलं नाही आणि मार्क सगळ्यांना सारखे! रात्रभर मी डीबग करायचो. बाहेरच्या परीक्षकांना सांगितलं तर म्हणाले, टीमवर्क. त्यामुळे कोडवाल्याला पहिलं नाव द्या. माझं ठाम मत.

प्रयोगवही:
मार्क आणि पेपर वेगळे. मार्क संपूर्ण प्रोजेक्टला मिळतात, लेखकत्व पेपरात छापलेल्या मजकुरापुरतं. एखाद्याने प्रोजेक्टमध्ये सुंदर ॲप बांधलं आणि पेपरात ॲपचा उल्लेखच नसेल, तर त्या कामाचं श्रेय या पेपरात येत नाही. चौथ्या मित्राच्या बाबतीत नेमकं हेच आहे. कॅमेरा मिळवून देणं आणि स्लाइड बनवणं ही आभाराची कामं. पेपरातली एखादी आकृती किंवा तुलना त्याने विचार करून उभी केली असेल तर सांगा.

शेवटचं_वर्ष:
आकृत्या माझ्या आहेत.

प्रयोगवही, तुमच्या प्रश्नांबद्दल. दोन रोग असलेली पानं वेगळ्या गटात टाकायची, हे तिने ठरवलं. चार पानी नियमावली आहे तिची. आम्ही दोघांनी थोडे थोडे फोटो तपासले आणि जिथे मत जुळलं नाही तिथे तिने नियम बदलले. दुसरं म्हणजे, आधी आम्ही फोटो सरमिसळ करून वाटले होते. अचूकता ९६ टक्के आली. तिने ग्रुपवर लिहिलं की एकाच झाडाचे सात-आठ फोटो आहेत, त्यातले काही ट्रेनिंगमध्ये आणि काही टेस्टमध्ये पडतायत, मॉडेल रोगाऐवजी झाडच ओळखत असेल. मग झाडनिहाय वाटणी केली. अचूकता ८१ वर आली. पेपरात तोच आकडा आहे.

प्रयोगवही:
मग आभाराचा प्रश्नच मिटला. ९६ छापलं असतं तर पहिल्याच जाणत्या परीक्षकाने विचारलं असतं की वाटणी कशी केली, आणि पेपर तिथेच पडला असता. कुठला आकडा खरा मानायचा, हे तिने ठरवलं. याला हमाली म्हणत नाहीत. नियमावलीही पद्धतीचा भाग आहे. ती नसती तर लेबलांवर भरवसा कशाच्या जोरावर ठेवला असता? तिने फक्त सांगितल्या जागी उभं राहून बटण दाबलं असतं, तर मी आभार म्हटलं असतं.

एक काम करा. पेपरातलं प्रत्येक मोठं विधान घ्या आणि त्यासमोर लिहा, हा निर्णय कोणाचा. कोणी किती तास घातले ते लिहू नका, निर्णय लिहा. चॅट, कोडचा इतिहास, नियमावलीच्या जुन्या आवृत्त्या, सगळं हाताशी आहे. आठवणीवर जाल तर प्रत्येकाला स्वतःचंच काम आठवेल. नंतर प्रत्येकाच्या भूमिका 'क्रेडिट' नावाच्या पद्धतीने मांडा. त्यात १४ भूमिका आहेत, संकल्पना, सॉफ्टवेअर, डेटाची निगा, पडताळणी, मूळ मसुदा वगैरे. प्रत्येक भूमिकेत मुख्य, समान की साहाय्यक वाटा, तेही लिहिता येतं. मात्र ही यादी कोण लेखक आणि कोण आधी, हे ठरवून देत नाही. कोणी काय केलं तेवढं दाखवते.

बोरूबहाद्दर:
नाव आत घ्या, मान्य. झाडनिहाय वाटणीची गोष्ट आधी सांगितली असतीत तर मी तसं लिहिलं नसतं. पण क्रमात लिहिणारी पहिलीच. चॅटवरचा एक मेसेज आणि महिनाभर चाललेला मसुदा यांची बरोबरी मला पटत नाही.

प्रयोगवही:
एका मेसेजने अख्खा निकाल बदलला, त्याला मी वजन देईन. पण पहिल्या नावासाठी ते पुरेसं नाही, इथपर्यंत आपण सहमत. माझ्या मते स्पर्धा शेवटचं_वर्ष आणि कोडवाला यांच्यात आहे, आणि ती कोडवर अवलंबून आहे. तयार मॉडेल उचलून आपल्या फोटोंवर चालवलं असेल, तर लिहिणारी पहिली. कमी फोटोंवर चालावं म्हणून मॉडेलची रचना त्याने बदलली असेल आणि पेपराचा दावा त्या बदलावरच उभा असेल, तर मी त्याला पहिला ठेवेन. मैत्रीण दोन्ही बाबतींत तिसरी.

आळशी_कोडर:
शेवटी कोडवालाच!

शेवटचं_वर्ष:
मॉडेल तयार होतं, शेवटचे थर त्याने बदलले. 'बदलले' म्हणजे किती, यावरच आमचं दोघांचं अडलंय. आणि सरांचं काय?

तळटीप:
सर लेखक आहेत का, हे आधी बघा. फक्त आठवड्याच्या बैठकीला सह्या केल्या असतील तर नाहीत. नुसती देखरेख किंवा निधी मिळवून देणं लेखकत्वाला पुरत नाही. त्यांनी प्रश्न आखून दिला असेल, मसुद्यावर खरोखर लाल शाई चालवली असेल, तर आहेत. मग त्यांची जागा शेवटची. प्रयोगशाळेच्या विषयांत शेवटचं नाव मार्गदर्शकाचं समजतात, त्यात कमीपणा नाही. आणि सरांनाच पत्रव्यवहाराचे लेखक करा. ते बक्षीस नाही, पण कॉलेजची ईमेल तुमची काही महिन्यांत बंद होईल, त्यांची राहील. दोन वर्षांनी कोणी डेटा मागितला तर उत्तर कोण देणार?

कडेकडेने:
इथे सगळे तत्त्वं सांगतायत. सरांच्या हातात अंतर्गत मार्क आहेत आणि शिफारसपत्रही. पहिलं नाव देऊन टाका, दुसरा पेपर लिहाल तेव्हा बघा. उगाच वाकड्यात शिरू नका.

प्रयोगवही:
कडेकडेने, भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण पहिलं नाव म्हणजे 'हे काम मुख्यतः मी केलं' असं जाहीर विधान. सरांनी केलं नसेल तर ते खोटं विधान ठरतं, आणि त्याखाली बाकी चौघांची मान्यता असते. क्रमाबद्दल आयसीएमजेई सांगतं की तो लेखकांनी मिळून ठरवावा, संपादकाने नाही. वाद झालाच तर जर्नल न्यायनिवाडा करत नाही, संस्थेकडे बोट दाखवतं. म्हणून 'सर, तुमचं नाव पहिलं नको' असं तोंडावर सांगण्यापेक्षा भूमिकांचा तक्ता भरून न्या आणि सरांना त्यांचा रकाना भरायला द्या. बरेच जण भरताना स्वतःच मागे सरकतात. सगळे नाही.

कडेकडेने:
आणि जे सरकत नाहीत?

प्रयोगवही:
विभागातलं दुसरं कोणी असेल तर आधी त्यांच्याकडे. तेही नसेल तर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

शेवटचं_वर्ष:
तक्ता करतेय. मैत्रिणीला आज मसुदा पाठवते. पण नवीन नोकरी आहे, तिने उत्तरच दिलं नाही तर? मुदत या महिनाअखेरची आहे.

तळटीप:
मुदतीच्या बराच आधीची तारीख मेलमध्ये लिही आणि फोनही कर, नुसती मेल गाळात जाते. तिची मान्यता आल्याशिवाय नाव लेखकांत टाकता येणार नाही. बरेच ठिकाणी मुदतीनंतर पोर्टलवर नवीन नाव घेतही नाहीत, जर्नलात घेतलं तर सगळ्या लेखकांच्या सह्या मागतात. तिने स्पष्ट नको म्हटलं तर आभारात टाका, तेही तिला विचारून, कारण आभारात नाव दिसलं की वाचणारा धरून चालतो की निष्कर्ष तिला मान्य आहेत. नुसती गप्प बसली तर मी मुदत सोडून पुढची परिषद बघेन. बोरूबहाद्दर इथे वाद घालतील.

बोरूबहाद्दर:
घालणारच. तिघांचं वर्ष एका न आलेल्या मेलवर टांगायचं? दोन फोन, एक मेल, आणि तरी उत्तर नाही तर आभारात टाकून पुढे जा.

तळटीप:
आणि तो ८१ चा आकडा कोणाच्या नावावर छापणार?