मॅमोग्राफीच्या अहवालातली ‘असिमेट्री’: मराठीत ‘गाठ’ लिहावं का?

नोंदवही: स्क्रीनिंगच्या अहवालावरून बाईंसाठी मराठीत एक पान करायचं असतं: बाजू, काय दिसलं, बायरॅड्स वर्ग म्हणजे निष्कर्षाचा ठरलेला आकडा, पुढे काय. एका अहवालात वर्ग दिलेलाच नाही. मजकूर असा: ‘उजवीकडे वरच्या भागात असिमेट्री, फक्त एमएलओ व्ह्यूमध्ये, बहुधा बिनाइन. डावीकडे पॉपकॉर्नसारखं जाड कॅल्सिफिकेशन. स्पॉट कम्प्रेशन व सोनोग्राफी करावी.’ मी लिहिलंय, ‘उजवीकडे वर-बाहेरच्या भागात गाठ, वर्ग ३.’ गाठ शब्द चालेल ना?

विनायक: चालेल की. बहुधा बिनाइन म्हणजे ३च, सहा महिन्यांनी परत फोटो.

क्ष-किरण: गाठ नको. गाठ म्हणायची तर ती दोन्ही व्ह्यूंत दिसायला हवी आणि तिची कड बाहेर फुगलेली हवी. एकाच व्ह्यूत दिसणारा दाट भाग बरेचदा नेहमीच्याच ऊतींचे थर एकावर एक आल्यामुळे दिसतो; स्पॉट कम्प्रेशनने दाबलं की तो पसरतो. आणि ‘बाहेरच्या’ कुठून आलं? एमएलओवरून, म्हणजे तिरक्या फोटोवरून वर-खाली कळतं, आत-बाहेर सीसी व्ह्यूवरून, म्हणजे वरून खाली घेतलेल्या फोटोवरून. ‘वरच्या भागात’ एवढंच लिहा.

विनायक, ३ला सहा महिने हे बरोबर. पण ३ द्यायचा तो जादा फोटो, सोनोग्राफी झाल्यावर. इथे त्या अजून व्हायच्यात, म्हणून उजवीकडे ०. डावीकडचं कॅल्सिफिकेशन जुन्या फायब्रोअडिनोमाचं, म्हणजे कर्करोग नसलेल्या साध्या गाठीचं, ते २. एकूण वर्ग ०. ३ लिहिलात तर बाई सहा महिने घरी बसतील आणि आत्ता व्हायची तपासणी राहून जाईल. तरी आकडा तुम्ही भरू नका. सही करणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडून अहवालातच लिहून घ्या.

सुलभा: माझ्या वहिनीच्या अहवालात नुसतं ‘सी’ आहे. ते ४सी का? घरात सगळे घाबरलेत.

क्ष-किरण: ताई, कोणत्या ओळीत आहे ते बघा. घनतेच्या ओळीत ए ते डी अशी अक्षरं असतात. तिथला सी म्हणजे स्तन दाट आहे, त्यात लहान गाठ झाकली जाऊ शकते, एवढंच. ४सी निष्कर्षात येतो, आकड्यासकट. त्यात कर्करोगाची शक्यता ५० टक्क्यांहून जास्त आणि ९५ टक्क्यांपेक्षा कमी धरतात, आणि बायोप्सी सांगतात.

सुलभा: घनतेखालीच आहे. शेवटी वर्ग १ लिहिलंय.

क्ष-किरण: मग फोटोत संशयास्पद काही नाही. हाताला काही लागत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवाच.

विनायक: पण ‘वर्ग ०’ वाचून लोक म्हणतील, काहीच निघालं नाही.

नोंदवही: ‘वर्ग ०: तपासणी अपुरी, उजव्या बाजूचे जादा फोटो व सोनोग्राफी बाकी’ असं लिहिते. आणि असिमेट्रीला ‘विषमता’?

क्ष-किरण: विषमता म्हटलं की एक स्तन लहान, एक मोठा असं वाटेल. मी ‘एका बाजूला जास्त दाट दिसणारा भाग’ लिहितो.

विनायक: त्याचा मग घनतेच्या ओळीशी घोळ होईल. सुलभाताईंचं तेच झालं ना? मी तर असिमेट्रीच ठेवेन.